सातवी बाई लावायची का? केळी वेफर्सच्या शेडवरच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, यावल तालुका

एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय पक्का केला: छोट्या उद्योगात मजुरांची संख्या नेमकी कशावरून ठरते. जागा शोधत फिरावं लागलं नाही. मामांची फैजपूर रस्त्याला केळी वेफर्सची शेड आहे. एक भट्टी, एक मोठी कढई, एक तळणारा कारागीर आणि रोजाने येणाऱ्या बाया. बायांची संख्या बदलते, बाकी सगळं जागच्या जागी असतं. बाकी साधनं तीच ठेवून माणसं वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या माणसाची भर कमी होत जाते, हा घटत्या फलाचा नियम. तो तपासायला एवढं साधं ठिकाण क्वचितच मिळतं.

मामांचा प्रश्न सरळ आहे. श्रावण चालू आहे, उपवासाचा माल खपतो आहे, सहा बाया कामावर आहेत आणि सातवी विचारून गेली आहे. "तिला हो म्हणू का नाही, एवढं सांग. तुझं पुस्तक नंतर."

आधी हे पाहून घेतलं की शेडला पूर्ण स्पर्धेची गृहीतकं लागू पडतात का. मामा सुटा माल भुसावळ आणि जळगावच्या ठोक व्यापाऱ्यांना देतात. भाव व्यापारी सांगतो, आज १५० रुपये किलो. मामांनी दहा किलो जास्त पाठवला म्हणून तो उतरत नाही, आणि ते १५५ मागायला गेले तर व्यापारी शेजारच्या शेडकडून घेतो. मजुरीचंही तसंच. गावात बाईचा रोज ३०० रुपये चालू आहे, मामांनी ठरवलेला नाही. म्हणजे मालाची किंमत आणि मजुरी दोन्ही त्यांना बाहेरून मिळतात. त्यांच्या हातात एकच गोष्ट उरते, बाया किती लावायच्या.

१५ ऑगस्ट

सकाळपासून शेडमध्ये बसून नुसतं काम पाहिलं. रावेर-यावल पट्ट्यातला भरलेला, लांब फण्यांचा माल बाहेर जातो. वेफर्सला येते ती छाट. बारकी, वाकडी, डाग पडलेली पण कच्ची आणि घट्ट केळी. बाया हाताला तेल लावून बसतात, नाहीतर चिकाने हात काळे पडतात आणि दोन-दोन दिवस निघत नाहीत. सुरीने दोन्ही टोकं उडवायची, सालीला उभी चीर द्यायची, अंगठ्याने साल मोकळी करायची आणि केळं पाण्याच्या टबात टाकायचं. उघड्यावर राहिलं तर काळं पडतं. कारागीर टबातलं केळं उचलून थेट कढईवर किसणी धरतो, चकत्या उकळत्या तेलात पडतात. फेस बसला की घाणा काढायचा. मग बायांचं दुसरं काम सुरू: निथळलेला माल पसरणं, चिकटलेल्या आणि करपलेल्या चकत्या वेचणं, मीठ लावणं, वजन करून पिशव्या भरणं, तोंड बंद करणं.

म्हणजे कामाला दोन टोकं आहेत, कढईच्या आधी सोलणं आणि कढईनंतर भरणं. मध्ये कढई एकच. चोपड्याकडून आलेल्या एक मावशी आहेत, वयाने सगळ्यांत मोठ्या. मी काय लिहिते आहे ते विचारून घेतलं आणि सालीच्या ढिगाकडे न बघता म्हणाल्या, "कढई एकच शे. कितलाबी मानसं लावा, माल तितलाच निंघी." माझ्या प्रकल्पाचं मधलं प्रकरण त्यांनी एका दमात सांगून टाकलं. आता ते आकड्यांत मांडायचं आहे.

१९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

बऱ्याच बाया माहेरी गेल्या, तिघीच आल्या. मला हेच हवं होतं. मुद्दाम बाया कमी करून माल मोजायला कोणी मालक तयार होणार नाही आणि कोणाचा रोज बुडवून प्रयोग करणं मलाही पटणार नाही. सणावाराला, आजारपणाला, लग्नाला जी संख्या आपोआप बदलते तिचाच उपयोग करायचा.

तुलना करताना दोन पथ्यं पाळते आहे. दिवस पूर्ण आठ तासांचा असला पाहिजे. वीज गेली, पाऊस आत आला, असे दिवस बाजूला. आणि केळी साधारण एकाच मापाची असली पाहिजेत. बारीक केळ्याला साल काढायचा वेळ तेवढाच लागतो पण गर कमी निघतो. त्या दिवशी माल कमी भरला तर दोष बायांच्या संख्येचा नसतो, लॉटचा असतो. हे वेगळं काढलं नाही तर सगळी वही फुकट.

तिघींचा आज ४८ किलो माल.

४ सप्टेंबर

पोळा झाला, श्रावण संपला. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एकत्र बसवले. एक आणि दोन बायांचे आकडे अर्ध्या दिवसाच्या कामावरून दुप्पट केले आहेत, म्हणून ढोबळ आहेत. पण निर्णय तिथे व्हायचाच नाही. आठ बाया श्रावणी सोमवारच्या गर्दीत होत्या.

| बाया | दिवसाचा माल (किलो) | शेवटच्या बाईने वाढलेला माल (किलो) |
|---|---|---|
| १ | १४ | १४ |
| २ | ३२ | १८ |
| ३ | ४८ | १६ |
| ४ | ६१ | १३ |
| ५ | ७१ | १० |
| ६ | ७८ | ७ |
| ७ | ८२ | ४ |
| ८ | ८३ | १ |

तिसरा रकाना म्हणजे श्रमाचं सीमांत उत्पादन. दुसरी बाई पहिलीपेक्षा जास्त भर घालते, कारण एकटी असताना सोलणं सोडून भरायला उठावं लागतं, हात धुवावे लागतात, पुन्हा तेल लावून बसावं लागतं. दोघी झाल्या की एक सोलते, एक भरते. हा श्रमविभागणीचा फायदा तिथेच संपतो. तिसरीपासून आकडा उतरायला लागतो.

मामा टेबल बघून म्हणाले, "सहावी सात किलोचंच काम करते? मग तिला कशाला ठेवलं?" हा प्रश्न यायलाच हवा होता. सहावी म्हणजे कोणी ठरावीक बाई नाही. सगळ्या सारख्याच सोलतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. सहापैकी कोणतीही एक उद्या आली नाही तरी माल सात किलोनेच घटेल. सीमांत उत्पादन हा बाईचा गुण नाही, तो एका कढईपाशी किती हात जमले आहेत याचा परिणाम आहे. हे नीट कळलं नाही तर या सिद्धांताचा उपयोग माणसाला आळशी ठरवायला होतो, आणि तसा तो होताना मी ऐकला आहे.

सीमांत उत्पादन घटलं हे टेबलाशिवायही दिसतं. आठ बायांच्या दिवशी टबात सोललेली केळी साठत गेली. पाण्यात जास्त वेळ राहिलेलं केळं पाणी पितं, तळायला वेळ घेतं, तेलही जास्त ओढतं. कारागीर वैतागला होता, बाया हात बांधून बसल्या होत्या, आणि दिवसाअखेर वाढला तो एक किलो. टब भरत चालला आणि कढई रिकामी होईना, की समजावं संख्या पुढे गेली.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

पाहुणे यायच्या आत मामांबरोबर बसून पैशांचा हिशेब केला. पुस्तकात सीमांत उत्पादनाला किमतीने गुणतात आणि सीमांत प्राप्ती उत्पादन काढतात. पूर्ण स्पर्धेत हे बरोबर आहे, कारण एक किलो जास्त विकल्याने मिळणारी सीमांत प्राप्ती किमतीइतकीच असते. पण पुस्तकातल्या उदाहरणात कच्चा माल नसतो. इथे सहाव्या बाईने वाढवलेले सात किलो वेफर्स हवेतून येत नाहीत. त्यांना केळी लागतात, तेल लागतं. तो खर्च आधी वजा केला पाहिजे.

किलोभर वेफर्सला साधारण चार किलो केळी लागतात. छाट १० रुपयांनी पडते, म्हणजे ४० रुपये. तेल ३०० ग्रॅम. १५ किलोचा डबा १६५० ला, म्हणजे किलोला ११० आणि आपल्या वाट्याचे ३३ रुपये. गॅस १५. पिशवी, मीठ वगैरे १२. एकूण १००. भाव १५०. बाईच्या कामातून किलोमागे शेडला खरी पडणारी रक्कम ५० रुपये.

आता तिसऱ्या रकान्याला ५० ने गुणायचं. चौथी बाई दिवसाला ६५० रुपयांची भर घालते, पाचवी ५००, सहावी ३५०, सातवी २००. रोज ३००. सहावीवर ३०० खर्चून ३५० येतात, ठेवावी. सातवीवर ३०० खर्चून २०० येतात, ठेवू नये. नियम एवढाच: सीमांत प्राप्ती उत्पादन मजुरीपेक्षा कमी नाही तोवर माणूस वाढवायचा, आणि हे घसरत्या बाजूला पाहायचं. चढत्या बाजूला, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या बाईपाशी, थांबायचा प्रश्न येत नाही.

मामांना ताळा हवा होता, तोही केला. पाच बायांवर ७१ किलोचे ३५५० येतात, मजुरी १५०० गेली, उरले २०५०. सहांवर ३९०० वजा १८००, २१००. सातांवर ४१०० वजा २१००, २०००. सहालाच सगळ्यांत जास्त उरतात. या रकमेतून कारागिराचा पगार, शेडचं भाडं, भट्टीची झीज जायची आहे. पण ते खर्च बाया पाच असोत की सात, तेवढेच राहतात, म्हणून या निर्णयात येत नाहीत.

मामांचा हिशेब आजवर वेगळा होता. सात बायांनी ८२ किलो, म्हणजे बाईमागे पावणेबारा किलोच्या आसपास, त्याचे ५८५ रुपये, आणि रोज फक्त ३००. "मग सातवी परवडतेच की!" ही सरासरी आहे. तिच्यात पहिल्या चार बायांची भर सातव्या बाईच्या नावावर जमा होते. सरासरी पाहून माणसं वाढवणारा मालक आठवी बाईसुद्धा लावील, कारण तेव्हाही सरासरी ५०० च्या वर असते, आणि सहा बायांपेक्षा रोज साडेतीनशे रुपये कमी उरतील. सरासरी उपयोगी पडते ती दुसऱ्या प्रश्नाला: शेड आज चालू ठेवायची की बंद. ती मजुरीच्या खाली गेली तर एकही बाई लावण्यात अर्थ नाही.

सातवीला मामांनी तूर्त थांबायला सांगितलं.

२१ सप्टेंबर

प्रकल्पाचा जो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो आपणहून दारात आला. १४ सप्टेंबरपासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. उद्देश सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा. इथे डबा चढत चढत २१०० वर गेला. किलोला १४०.

किलोभर वेफर्सचं तेल ३३ चं ४२ झालं. पितृपक्षात उठाव नाही, व्यापारी १५० च्या वर हलत नाही. किलोमागे ५० ऐवजी ४१ रुपये उरतात. सहावीची भर सात गुणिले ४१, म्हणजे २८७. रोज ३०० च आहे. तेरा रुपयांनी सहावी नियमाच्या बाहेर गेली.

यात काय बदललं आणि काय नाही ते नीट लिहून ठेवते. सोलण्याचा वेग तोच. कढई तीच. माल तेवढाच भरतो. मजुरीत रुपयाचा फरक नाही. तरी शेडला लागणाऱ्या बाया सहाच्या पाच झाल्या, कारण दूर कुठे तेलावरचं शुल्क वाढलं. श्रमाची मागणी अप्रत्यक्ष असते असं बारावीत लिहिलेलं असतं, लोकांना वेफर्स हवे म्हणून बाया हव्या. ते खरं आहे, पण अर्धं. मागणी वेफर्सच्या भावातून जशी येते तशीच केळी आणि तेलाच्या भावातूनही येते. मधल्या फरकातून ती गाळून बाईपर्यंत पोहोचते.

हेच उलट बाजूनेही तपासून पाहिलं. समजा छाट १० ची १६ झाली, बाकी सगळं ऑगस्टसारखं. चार किलोला २४ रुपये जास्त, किलोमागे उरतात २६. पाचवीची भर २६०, चौथीची ३३८. शेड चार बायांवर येते. केळीचा भाव चढला की शेतकऱ्याच्या घरी आनंद आणि वेफर्सच्या शेडमध्ये दोन बायांचा रोज बंद, हे एकाच गावात, कधी कधी एकाच घरात घडतं.

मामांनी लगेच कोणाला काढलं नाही. "नवरात्र तोंडावर आहे. आज तेरा रुपयांसाठी बाई घालवली तर परवा कुठून आणू?" हे नियमाच्या विरुद्ध नाही. नव्या बाईला बोलावणं, हात बसेपर्यंत वाया जाणारा माल, यालाही खर्च आहे. रोजच्या हिशेबात तो दिसत नाही.

६ ऑक्टोबर, नवरात्र

व्यापाऱ्याचा फोन, भाव १६५. खर्च १०९ वजा जाता किलोमागे ५६. सहावीची भर ३९२, पुन्हा नियमात बसली. सातवीची २२४, अजूनही नाही.

भाव किती चढला तर सातवी बसेल हे काढलं. तिच्या चार किलोंतून ३०० निघायला किलोमागे ७५ रुपये उरले पाहिजेत, म्हणजे आजच्या तेलाला भाव १८४. किलोमागची शिल्लक ५० वरून ७५ झाली, दीडपट, तेव्हा कुठे सहाची सात होते. श्रमाची मागणी इथे इतकी ताठर का, तर कढई एक आहे म्हणून सीमांत उत्पादन कड्यासारखं उतरतं. सणाला भाव चढला की रोजगार त्याच प्रमाणात वाढेल ही अपेक्षा एका कढईच्या शेडकडून करता येत नाही.

भाव का चढला यावरही एक ओळ हवी. उपवासाची मागणी आहेच, पण तेल महाग झाल्याने बऱ्याच शेडनी माल कमी केला होता. एकट्या मामांनी बाई कमी केली तर भाव हलत नाही. सगळ्यांनी केली तर बाजारात माल घटतो आणि भाव वर सरकतो. म्हणून एका शेडच्या टेबलावरून साऱ्या पट्ट्याची मजुरांची मागणी नुसत्या गुणाकाराने काढता येणार नाही. प्रत्यक्षात ती अधिक ताठर निघेल.

२० ऑक्टोबर

कापूस फुटला. वेचणी किलोवर असते, चपळ बाईला दिवसाला चारशेच्या वर सुटतात. शेडवर ३०० च्या रोजाला तीन बाया थेट शेतात गेल्या, कोणाचाही राग-लोभ न धरता. मामांनी रोज ४०० केला, त्या परत आल्या. शेड गावच्या मजुरीपुढे झुकते, स्वतः ठरवत नाही, हे माझं ऑगस्टमधलं गृहीतक इथे तपासलं गेलं. मामा एकटेच बायांना काम देणारे असते तर ३०० वरही बहुतेक जणी राहिल्या असत्या, आणि एकीसाठी रोज वाढवला की सगळ्यांचा वाढवावा लागला असता. मग शेवटच्या बाईची किंमत तिच्या रोजापेक्षा जास्त पडली असती आणि नियम वेगळा मांडावा लागला असता.

वेचणीला मात्र आपला नियम लागतच नाही. तिथे मजुरी किलोवर आहे. जास्त बाया आल्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी कापूस आला, तर घट बाईच्या खिशातून जाते, मालकाच्या नाही. त्याला कुठे थांबायचं हे ठरवावं लागत नाही. रोजंदारीत घटत्या फलाचं ओझं मालकावर असतं, म्हणूनच तो मोजतो.

शेडचा आजचा हिशेब: भाव १६५, रोज ४००. सहावीची भर ३९२. नियमाने पाच. ताळा: पाचांवर ३९७६ वजा २०००, उरले १९७६. सहांवर ४३६८ वजा २४००, उरले १९६८. फरक आठ रुपये. मामांनी सहा ठेवल्या, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. सर्वाधिक नफ्याच्या आसपास एखादी बाई इकडे-तिकडे झाल्याने फार बिघडत नाही, आणि एखादी अचानक आली नाही तर पाच तरी उरतात. दिवाळीनंतर भाव १५० वर आला तर सहावीचा आकडा पुन्हा २८७ होईल, ४०० च्या समोर. तेव्हा रोज ११३ रुपये पदरचे घालावे लागतील. तो फरक आठ रुपयांचा नाही.

२७ ऑक्टोबर

मावशींच्या वाक्यावर परत गेलो, मामा आणि मी. दुसरी कढई घेतली तर? मग तिसरा रकानाच बदलतो. मामांच्या अंदाजाने दोन कढयांवर सात बाया १०० किलो काढतील. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. पाच बाया आणि एका कढईपेक्षा २९ किलो जास्त. किलोमागे ५६ धरले तर १६२४ रुपये. दोन बायांचे ८०० गेले, दुसऱ्या कारागिराचे ७०० गेले, उरले १२४. त्यात कढईची किंमत वसूल व्हायची. किलोमागे ४१ च उरले तर २९ किलोंचे ११८९ येतात आणि रोज ३११ चा तोटा.

म्हणजे कढई वर्षभर ठेवण्यासारखी नाही, उपवासाच्या दिवसांपुरती परवडू शकते. सावद्याच्या एका ओळखीच्याकडे जुनी भट्टी भाड्याने मिळते असं कळलं आहे. महाशिवरात्रीच्या आधी दोन आठवडे ती आणून पाहायचं ठरलं. त्या दिवसांत सात आणि आठ बायांचा माल पुन्हा मोजायचा आहे. सातवीला मामांनी निरोप पाठवला आहे.